गोळी चालू, तरी फॉर्मवर 'नाही'

सिंधुदुर्गातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिक्लेमच्या खिडकीवर बसते. पेशंटची फाइल आली की विमा कंपनीला किंवा तिच्या टीपीएला, म्हणजे तिच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, कागद पाठवायचे, त्यांचे प्रश्न आले की डॉक्टरांच्या मागे लागून उत्तरं मिळवायची आणि शेवटी नातेवाइकांना 'मंजूर' किंवा 'नामंजूर' हे सांगायचं. यातलं शेवटचं काम कोणालाच नको असतं. नामंजूर झालेल्या बऱ्याच फायलींमध्ये आजाराचा दोष नसतो. दोष असतो दोन-तीन वर्षांपूर्वी, घरच्या ओसरीवर चहा पिता पिता भरलेल्या एका फॉर्मचा. त्या फॉर्ममधल्या एकाच प्रश्नाबद्दल हा लेख आहे: तुम्हाला आधीपासून काही आजार आहे का?

समजायला सोपं जावं म्हणून दोन-तीन फायली एकत्र करून एक माणूस उभा करते. आकडेही उदाहरणापुरतेच धरा.

कुडाळ तालुक्यातले एक काका, वय 56. थोडी भातशेती, थोडी काजूची बाग, मुलगा मुंबईला. 2019 मध्ये चक्कर आली म्हणून डॉक्टरकडे गेले, बीपी 160 वर 100 निघालं आणि रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. तेव्हापासून ती चुकलेली नाही. जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला तोंडपाठ आहे, दर महिन्याला दोन स्ट्रिपा घरी येतात. बीपी आता 130 वर 80 असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मुलाच्या आग्रहाने त्यांनी दहा लाखांची पॉलिसी घेतली. फॉर्म भरायला गावातलाच ओळखीचा एजंट आला होता. मोबाइलवर एकेक प्रश्न वाचत होता. बीपीचा प्रश्न आला तेव्हा काका म्हणाले, "गोळी घेतंय मां, आता खय आसा बीपी?" एजंटालाही तेच हवं होतं. "नाय म्हणान लिवूया काका, नायतर प्रीमियम वाढतलो." सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' लागलं. काकांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यांनी वाचून दाखवला आणि पॉलिसी निघाली.

तो ओटीपी म्हणजे सही असते. फॉर्मच्या शेवटी असं लिहिलेलं असतं की वरची सगळी माहिती मी स्वतः दिली आहे, ती खरी आणि पूर्ण आहे. आकडे सांगितले, त्या क्षणी काकांनी या ओळीखाली सही केली.

आता काकांच्या वाक्याकडे बघू, कारण माझ्या खिडकीवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य तेच आहे. "गोळीने बीपी नॉर्मल आहे, म्हणजे मला बीपी नाही." बोलण्यापुरतं ठीक आहे. डॉक्टरही म्हणतात, 'तुमचं बीपी नॉर्मल आहे.' पण फॉर्म आजची तब्येत विचारतच नाही. प्रश्न नीट वाचला तर त्यात साधारण असे शब्द दिसतील: 'कधी निदान झालं आहे का', 'कधी उपचार घेतले आहेत का', 'सध्या नियमित कोणतं औषध चालू आहे का'. हे तिन्ही प्रश्न घडलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टींबद्दल आहेत. तुम्हाला कसं वाटतंय हे कुठेच विचारलेलं नाही. काकांचं 2019 मध्ये निदान झालं, उपचार घेतले आणि गोळी चालू आहे. तीनही उत्तरं 'होय'. बीपी 130 वर 80 आहे याचा अर्थ गोळी आपलं काम करते आहे, एवढाच.

दुसरी गल्लत जरा शिकलेल्या लोकांची. 'पूर्वीपासूनचा आजार' या शब्दाची विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, व्याख्या केलेली आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी त्या काळात सल्ला वा उपचार सुचवले किंवा घेतले गेले, तो पूर्वीपासूनचा आजार. एप्रिल 2024 च्या आधी हा काळ 48 महिने होता. हे वाचून कोणी तरी हिशोब मांडतो: निदान 2019 चं, पॉलिसी 2024 ची, मधे पाच वर्षं गेली, म्हणजे सांगायची गरज नाही. व्याख्येचा उरलेला अर्धा भाग त्याने वाचलेला नसतो. निदान जुनं असलं तरी उपचार चालूच आहेत, म्हणून आजार व्याख्येत बसतोच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्याख्या वेगळी आणि फॉर्ममधला प्रश्न वेगळा. कोणत्या आजाराला किती थांबायला लावायचं, म्हणजे त्याचे क्लेम किती काळ द्यायचे नाहीत, हे ठरवायला व्याख्या लागते. फॉर्म मात्र 'कधीही' असं विचारू शकतो. तसं विचारलं असेल तर दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशनसुद्धा लिहायचं. उत्तर नेहमी समोरच्या प्रश्नाला द्यायचं, व्याख्येला नाही.

काकांकडे परत. जुलै 2025. लावणी जोरात, दिवसभर गुडघाभर चिखलात. पायाला आधीची एक चिरी होती. आठवड्याभराने ताप, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल. आपल्याकडे पावसाळ्यात अशी लक्षणं म्हटली की लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, शंका पहिली येते. काका आमच्याकडे आले तेव्हा लघवी कमी झाली होती, प्लेटलेट 38 हजार, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 4.2. लेप्टोची तपासणी पॉझिटिव्ह आली. आयसीयू, दोन डायलिसिस, नऊ दिवस मुक्काम. काका उठून चालत घरी गेले, ही यातली चांगली बातमी. बिल 1 लाख 86 हजार 400 रुपये.

पहिल्या रात्री आरएमओने, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने, केसपेपर लिहायला घेतला. आधीचे आजार कोणते, या प्रश्नाला काकींनी लगेच उत्तर दिलं: बीपी आहे, सहा वर्षं गोळी चालू. स्ट्रिप पिशवीतून काढून दाखवली. डॉक्टरने लिहिलं, 'नोन केस ऑफ हायपरटेन्शन, सहा वर्षं, औषधावर.' नंतर काकी मला म्हणाल्या, "डॉक्टरान विचारल्यान, मिया सांगितलंय. माणूस थय पडलेलो, खोटा कित्याक सांगू?" बरोबरच आहे. आयसीयूच्या दारात कोणी खोटं सांगत नाही आणि सांगूही नये. चालू औषध लपवलं तर डॉक्टर चुकीचं औषध देऊन बसेल. म्हणूनच फॉर्मवरचं 'नाही' टिकत नाही. कंपनीला गुप्तहेर लावावे लागत नाहीत. खरं उत्तर घरचाच माणूस, पहिल्याच रात्री, डॉक्टरला सांगतो आणि ते कागदावर येतं.

तोच कागद कंपनीकडे जातो. कॅशलेससाठी, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरावं म्हणून, जो अर्ज पाठवतात, त्यात डॉक्टरने भरायचा एक भाग असतो. डायबेटिस, हृदयविकार, हायपरटेन्शन, दमा, कॅन्सर अशी आजारांची यादी आणि प्रत्येकापुढे 'कधीपासून' म्हणून महिना-वर्षाची जागा. आमच्या डॉक्टरने हायपरटेन्शनपुढे 2019 लिहिलं. कंपनीच्या माणसाने स्क्रीनवर एका बाजूला हा अर्ज उघडला, दुसऱ्या बाजूला ऑक्टोबर 2024 चा फॉर्म. एकीकडे 2019, दुसरीकडे 'नाही'. दोन तासांत प्रश्न आला: 'हायपरटेन्शनच्या पहिल्या तपासणीचे कागद पाठवा, कालावधीबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला पाठवा.' असा प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक असतं.

अशा वेळी मुलगा हमखास विचारतो, "डॉक्टरना सांगून सहा वर्षांचं सहा महिने करता येईल का?" करता येत नाही. एक तर डॉक्टर करत नाही. आणि केलंच, तरी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी किंवा हृदयाची सोनोग्राफी जुन्या बीपीच्या खुणा दाखवू शकते. नर्सच्या नोंदी असतात, मेडिकलची बिलं असतात. खाडाखोड केलेला केसपेपर तर सरळ फसवणुकीचा पुरावा होतो. तोपर्यंत फार तर माहिती न दिल्याचा ठपका असतो, तो मोठा होतो.

दुसऱ्या दिवशी कॅशलेस नाकारलं गेलं. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगते. बिल भरून, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत सगळे मूळ कागद लावून परतफेडीचा क्लेम करता येतो. काकांच्या मुलाने केला. महिन्याभराने पत्र आलं. त्यात तीन गोष्टी होत्या: महत्त्वाची माहिती उघड न केल्याने क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द, भरलेला प्रीमियम जप्त.

मुलगा पत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याचा प्रश्न रास्त होता. लेप्टो झाला उंदराच्या मुतामुळे, शेतातल्या पाण्यातून. त्याचा बीपीशी काय संबंध?

संबंध नाही. पण कंपनी असं म्हणत नाही की बीपीमुळे लेप्टो झाला. ती म्हणते, आम्ही विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही खोटं उत्तर दिलंत, त्या उत्तरावर आम्ही ठरवलं की हा माणूस घ्यायचा आणि इतक्या पैशांत घ्यायचा. तो करारच चुकीच्या पायावर उभा आहे. विम्याच्या कायद्यात याला परम सद्भावाचा करार म्हणतात. तुमच्या शरीरात काय आहे ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, समोरच्याला विचारण्याशिवाय मार्ग नसतो, म्हणून सांगण्याचं ओझं तुमच्यावर. पॉलिसीच्या अटींमध्येही ते लिहिलेलं असतं: महत्त्वाची माहिती दडवली किंवा चुकीची दिली तर पॉलिसी रद्दबातल आणि प्रीमियम जप्त. आणि 'महत्त्वाची माहिती' म्हणजे फॉर्ममध्ये विचारलेली संबंधित माहिती. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे भरणाऱ्याने ठरवायचं नसतं. 2009 मध्ये सतवंत कौर संधू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. तिथे मेडिक्लेम घेणाऱ्याने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार फॉर्ममध्ये दडवला होता. क्लेम नाकारणं न्यायालयाने योग्य ठरवलं.

मला विचाराल तर, लेप्टोसारख्या असंबद्ध आजारात अख्खी पॉलिसी रद्द करणं मला कडक वाटतं. दडवलेल्या आजारासाठी नव्याने थांबायचा काळ लावून किंवा जादा प्रीमियम घेऊन पॉलिसी पुढे चालू ठेवण्याचा रस्ता कंपनीपुढे असतो, आणि काही वेळा तो वापरलाही जातो. पण तो वापरायचा की नाही हे ठरवते कंपनी. स्वतःच्या खोट्या उत्तरावर उभं राहून तिच्याकडे तो हक्काने मागता येत नाही.

आता तोच काका, तोच एजंट, तीच ओसरी. फरक एवढाच, की बीपीपुढे 'होय' लिहिलं.

काय झालं असतं? कंपनीने कदाचित एक तपासणी सांगितली असती. रक्त, लघवी, ईसीजी. मग बहुधा दोनपैकी एक किंवा दोन्ही गोष्टी केल्या असत्या. पहिली, प्रीमियमवर जादा आकार. मूळ प्रीमियम वर्षाला 26,000 धरला आणि जादा आकार 15 टक्के, तर 3,900 रुपये वाढले असते. दुसरी, बीपी आणि त्यातून थेट उद्भवणाऱ्या गुंतागुंतीसाठी थांबायचा काळ. हा काळ आता जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो, म्हणजे ऑक्टोबर 2027 पर्यंत. काही पॉलिसींमध्ये तो कमी असतो, काहींमध्ये जादा पैसे भरून कमी करता येतो. एवढंच. बाकी आजारांसाठी पहिले 30 दिवस गेले की पॉलिसी उघडी. फक्त मोतीबिंदू, हर्निया अशा नावानिशी दिलेल्या आजारांना वेगळा काळ असतो, तो सगळ्यांनाच असतो.

मग जुलै 2025 मध्ये आमच्या डॉक्टरने तेच 2019 लिहिलं असतं. कंपनीच्या माणसाने तेच दोन कागद शेजारी ठेवले असते. दोन्हीकडे 2019. बीपीला ऑक्टोबर 2027 पर्यंत थांबायचं आहे, पण आजार लेप्टो आहे, तो थांबण्यात येत नाही. 1,86,400 मधून हातमोजे, डायपर वगैरेचे समजा 8,900 कापून 1,77,500 रुपये कंपनीने भरले असते. वाचवले होते 3,900.

एक धोका इथेही राहतो, तो सांगायला हवा. काकांच्या किडनीवर परिणाम झाला होता आणि जुनं बीपीही किडनी खराब करतं. कंपनी विचारू शकते, हे लेप्टोमुळे कशावरून? अशा वेळी दोन कागद कामी येतात. एक, लेप्टोची पॉझिटिव्ह तपासणी आणि त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्पष्ट लिहिलेलं कारण. दुसरा, आजारापूर्वीचा एखादा नॉर्मल क्रिएटिनिनचा रिपोर्ट. बीपीची गोळी घेणाऱ्याने वर्षातून एकदा हा रिपोर्ट करावा असं डॉक्टर तसंही सांगतात. त्याची फाइल ठेवा, फेकू नका.

यावर एक चलाख प्रश्न नेहमी येतो. समजा काकांना जुलैत लेप्टो न होता हार्ट अटॅक आला असता तर? बीपी सांगितलं असतं तरी 36 महिने झालेले नाहीत, बीपीशी जोडून कंपनीने तो क्लेम नाकारला असता. मग सांगून काय मिळवलं?

तो एक क्लेम कदाचित नाही मिळाला असता, खरं आहे. पण सांगितलं असतं तर अटॅकनंतरही पॉलिसी हातात राहिली असती. आधी झालेल्या क्लेममुळे कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. ऑक्टोबर 2027 नंतर हृदयाचंही संरक्षण सुरू झालं असतं. दडवलं असतं तर क्लेम गेला, पॉलिसी गेली, आणि आता काका हृदयरोगी आहेत. नव्या कंपनीच्या फॉर्मवर एक प्रश्न असतोच: 'यापूर्वी एखाद्या कंपनीने तुमचा प्रस्ताव किंवा क्लेम नाकारला आहे का, पॉलिसी रद्द केली आहे का?' त्याचं उत्तर आता 'होय'.

गप्प बसण्याचा सल्ला देणारे एक नियमही पुढे करतात. सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद. पूर्वी हा काळ आठ वर्षं होता, 2024 पासून पाच. नियम खरा आहे आणि चांगला आहे. नकळत काही राहून गेलेल्या माणसाला तो वाचवतो. पण त्यावर बेत आखणं म्हणजे पाच पावसाळे लेप्टो, डेंगी, हार्ट, अपेंडिक्स काहीही होणार नाही अशी पैज लावणं. शिवाय विम्याची रक्कम मधेच वाढवली तर वाढीव रकमेसाठी 60 महिने नव्याने मोजतात. आणि जाणूनबुजून 'नाही' लिहिल्याचा पुरावा असेल, तर फसवणुकीचा अपवाद दारात उभाच आहे. आयुर्विम्यात तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, ती तरतूद वेगळी. विमा कायद्याच्या कलम 45 ची ती तरतूद मेडिक्लेमला लावून चालत नाही, हा घोळ एजंटही घालतात.

उलट बाजू कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, कंपनीने ऐकून, तपासून पॉलिसी दिली, तर तोच आजार नंतर तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. डिसेंबर 2021 मध्ये मनमोहन नंदा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. त्या गृहस्थांनी परदेश प्रवासाच्या विम्यात मधुमेह सांगितला होता, त्यांची वैद्यकीय तपासणीही झाली होती. अमेरिकेत उतरल्यावर हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने क्लेम नाकारला. न्यायालय म्हणालं, तब्येत तपासून एकदा पॉलिसी दिल्यावर आधी उघड केलेल्या स्थितीवर बोट ठेवून मागे फिरता येणार नाही. म्हणजे लिहिलेलं 'होय' हे तुमचं चिलखत आहे. पण नुसती कंपनीने तपासणी केली म्हणून न सांगितलेलं माफ होत नाही. गोळी घेऊन बीपी मोजायला गेलात तर ते नॉर्मलच येणार.

आता फॉर्म भरताना काय करायचं. फोन एजंटाच्या हातात असू दे, पण घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा समोर मांडा. स्ट्रिप खोटं बोलत नाही. स्ट्रिपेवर औषधाचं नाव आणि मात्रा असते, ती तशीच लिहा. वर्ष आठवत नसेल तर 'अंदाजे 2019' लिहा. अंदाज आहे असं सांगून केलेली चूक ही लपवाछपवी ठरवणं अवघड असतं. जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडायला सांगा.

माणसं ज्या गोष्टी 'आजार' म्हणून धरत नाहीत, त्याच नेमक्या राहून जातात. थायरॉइडची गोळी, 'ती तर सगळ्यांनाच असते.' दहा वर्षांपूर्वी काढलेली गर्भपिशवी. मुतखडा, जो सोनोग्राफीत दिसला आणि कुळथाचं पाणी पिऊन पडला. कुळथाने पडला असला तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे, म्हणजे निदान आहे. आयुर्वेदिक औषध चालू असेल तेही उपचारच. गावच्या शिबिरात एकदा साखर जास्त निघाली आणि पुढे तपासलीच नाही, तर 'तपासणीत काही वेगळं निघालं का' या प्रश्नाखाली ते येतं. आणि तंबाखू. एका काकींचा फॉर्म मी शेजारी बसून भरून घेतला. तंबाखूपुढे त्या ठामपणे 'नाय' म्हणाल्या. मी विचारलं, मशेरी? "ती काय तंबाखू? ती दात घासूक!" प्रश्नात 'कोणत्याही स्वरूपात' असं असतं. मशेरी लिहिली.

एजंट 'नको लिहूया' म्हणाला तर? माहिती वगळायला लावणं एजंटला नियमाने मना आहे. पण नंतर भांडणात सही तुमची असते, त्याची नाही. त्याला बीपीबद्दल व्हॉट्सअॅपवर लिहून कळवलंत तर निदान तो पुरावा राहतो. काकांनी तोंडी सांगितलं होतं की नाही, हे आता दोघंच जाणतात, आणि दोघांचं सांगणं जुळत नाही.

पॉलिसी हातात आली की तिच्याबरोबर तुमच्या भरलेल्या फॉर्मची प्रत यायला हवी. ती कंपनीने द्यायचीच असते. बहुतेक घरांत ही पानं कोणी उघडत नाही, कपाटात नोटांसारखी जपून ठेवतात. उघडा. तब्येतीचे प्रश्न शोधा, एकेक उत्तर वाचा. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवस ती परत करण्याची मुभा असते, तेवढ्यात चूक सापडली तर उत्तमच.

तीस दिवस उलटून गेले आणि आज हे वाचताना कपाटातल्या फॉर्मवरचं 'नाही' आठवलं असेल, तरी सांगता येतं. अट एकच, आजारी पडण्याच्या आधी. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर, एजंटाच्या फोनवर नव्हे, असं लिहा: 'माझा पॉलिसी क्रमांक अमुक. प्रस्ताव अर्जात उच्च रक्तदाबाच्या प्रश्नाचं उत्तर चुकून नाही असं नोंदवलं गेलं आहे. मला अंदाजे 2019 पासून उच्च रक्तदाब आहे आणि अमुक औषध, अमुक मात्रा रोज चालू आहे. सोबत चिठ्ठी जोडली आहे. कृपया नोंद दुरुस्त करून लेखी कळवावे.' सोबत चिठ्ठीचा आणि स्ट्रिपेचा फोटो. यात धोका आहे. कंपनी जादा आकार लावेल, थांबायचा काळ लावेल, क्वचित पॉलिसी बंदही करेल. पण तब्येत चांगली असताना पॉलिसी बंद झाली तर दुसरीकडे जाता येतं. आयसीयूत असताना बंद झाली तर जाता येत नाही.

आणि पत्र येऊन गेलं असेल, काकांसारखं? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. असंबद्ध आजारात कधी कधी दिलासा मिळतो, पण तो कागदांवर ठरतो, आणि दरम्यान हॉस्पिटलचं बिल भरून झालेलं असतं. काकांनी काजूचे आगाऊ पैसे उचलून भरलं. लोकपालांकडची तारीख अजून यायची आहे. मुलगा मुंबईहून फोन करतो तेव्हा मी त्याला प्रत्येक वेळी एकच विचारते, एजंटला बीपीबद्दल केलेला एखादा मेसेज सापडला का. अजून सापडलेला नाही.